अप्पा तमिळ बोलतो, लेक उत्तर मराठीत देतो : ‘एक पालक एक भाषा’ कुणी केलंय का?

दोघांत_तिसरी | ४ जून, रात्री ११.१०

मी साताऱ्याची, नवरा कोइमतूरचा, संसार पुण्यात. आम्ही दोघं आपसात इंग्रजी बोलतो, कारण ओळख झाली तेव्हा तीच एक भाषा दोघांना येत होती आणि मग सवयच लागली. लेक २६ महिन्यांचा आहे. तो पोटात असतानाच ठरवलं होतं की मी त्याच्याशी फक्त मराठी बोलायचं आणि नवऱ्याने फक्त तमिळ. हे आम्ही प्रामाणिकपणे पाळतो.

अडचण अशी आहे की लेकाला तमिळ समजतं सगळं. ‘चप्पल आण’, ‘दार लाव’ असं अप्पाने तमिळमध्ये सांगितलं की लगेच करतो. पण उत्तर मराठीत. मोडकीतोडकी मराठी, आणि मध्येच एखादा तमिळ शब्द. परवा माझ्या आईकडे संध्याकाळी म्हणाला, ‘मला पाल, मला पाल’. आई घाबरून भिंतीवर पाल शोधायला लागली. तमिळमध्ये पाल म्हणजे दूध! हसून हसून पुरेवाट झाली, पण रात्री विचार करत बसले की पोराचा गोंधळ तर होत नाहीये ना.

त्यात लसीकरणाला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं किती शब्द बोलतो. मी म्हटलं चाळीसेक. ते म्हणाले, ‘कमी आहेत, एक भाषा बंद करा, डोक्यावर ताण येतो.’ घरी आल्यापासून माझी आई म्हणते तमिळ बंद करा. तिकडे सासूबाई काही म्हणत नाहीत, पण व्हिडिओ कॉलवर नातू मराठीत बोलला की त्यांचा चेहरा पडतो. आम्ही चुकतोय का?

आबा_कोथरूड | ५ जून, सकाळी ६.२०

डॉक्टर बरोबर सांगत आहेत. आधी पाया पक्का होऊ द्या. एक भाषा नीट आली की दुसरी पाच-सहा वर्षांची झाल्यावर सहज शिकतात. आमच्या शेजारी एक कुटुंब होतं, घरात तीन भाषा. पोरगं चार वर्षांचं होईपर्यंत बोललंच नाही. मग त्यांनी फक्त हिंदी ठेवली आणि सहा महिन्यांत बोलायला लागलं. डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय.

रोखठोक | ५ जून, सकाळी ९.०५

मला एक कळत नाही. पुण्यात राहणाऱ्या पोराला तमिळचा उपयोग काय? शाळेत मराठी लागणार, इंग्रजी लागणार, हिंदी टीव्हीवर येतेच. नवऱ्याची हौस समजू शकतो, पण हौसेसाठी पोराला का राबवायचं?

दोघांत_तिसरी | ५ जून, सकाळी ९.३०

रोखठोक, उपयोग एकच आहे. सासूबाईंना तमिळशिवाय काही येत नाही. नातवाला आजीशी बोलता यावं, बस. नोकरीबिकरीसाठी नाही.

भटक्या_म्युनिक | ५ जून, दुपारी १.४५

आमच्याकडेही हाच प्रयोग चालू आहे! आम्ही दोघंही मराठी आहोत, म्युनिकला राहतो. मुलगी तीन वर्षांची. बायको मराठी बोलते, मी ठरवून इंग्रजी बोलतो, म्हणजे एक पालक एक भाषा. पाळणाघरात जर्मन. अशा तीन भाषा झाल्या, चौथी हिंदी कार्टूनमधून. काही ताण नाही. फक्त हल्ली मराठी बोलायला कंटाळा करते, जर्मन जास्त. पण इंग्रजी छान आहे. तुम्हीही बिनधास्त करा.

नाशिकची_वाचाताई | ५ जून, रात्री ९.५०

मी स्पीच थेरपिस्ट आहे, सतरा वर्षं लहान मुलांबरोबर काम करते. लांब लिहीन, सांभाळून घ्या.

आधी ती चाळीस शब्दांची गोष्ट. तुम्ही डॉक्टरांना चाळीस म्हणालात तेव्हा फक्त मराठी मोजलेत ना? दोन भाषांच्या मुलाचे शब्द एकाच भाषेत मोजणं म्हणजे दोन खिशांत पैसे असलेल्याचा एकच खिसा तपासून त्याला गरीब ठरवणं. एक आठवडा फ्रिजवर दोन कागद लावा, एक तुमचा, एक नवऱ्याचा. जो शब्द तो स्वतःहून, त्याच अर्थाने, परत परत वापरतो तो लिहायचा. उच्चार बोबडा असला तरी चालेल. ‘भूभू’ कुत्र्यासाठी वापरत असेल तर तो शब्दच आहे. तुमच्यामागून नुसता म्हटलेला धरू नका. पाळणाघरातल्या ताई आणि आजी यांनाही विचारा. मग तीन आकडे इथे द्या : मराठी किती, तमिळ किती, आणि एकाच गोष्टीला दोन्ही शब्द आहेत असे किती. शिवाय तो दोन शब्द जोडतो का, तेही.

आबा, तुमच्या शेजारचं उदाहरण खोटं म्हणत नाही. पण तीन ते चार या वर्षात उशिरा बोलणारी पुष्कळ मुलं आपली आपणच बोलायला लागतात, एकभाषी घरातलीसुद्धा. भाषा कमी केली म्हणून बोललं की वेळ आली म्हणून, हे त्या एका घरावरून सांगता येत नाही. खरोखर भाषेची अडचण असलेल्या मुलाला ती दोन्ही भाषांत असते. एक काढून घेतली तर दुसरी सुधारत नाही, फक्त त्या भाषेतलं माणूस तुटतं. डाऊन सिंड्रोम असलेली आणि स्वमग्न मुलंही आपापल्या कुवतीप्रमाणे दोन भाषा शिकतात, हे अभ्यासात दिसलंय आणि माझ्या खोलीतही दिसतं.

मात्र एक गोष्ट आजच करा. श्रवण तपासणी. जन्मल्यावर झाली असली तरी परत. बाळंतपणानंतरची ती कानात छोटं बोंड घालून करतात ती पटकन होते, शंका आली तर बेरा नावाची सखोल तपासणी करतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, तिथे ऐकणं आणि बोलणं दोन्ही पाहतात, पुण्यातही चांगले ऑडिओलॉजिस्ट आहेत. दोन भाषांवर खापर फोडून मुलाची कमी ऐकू येण्याची गोष्ट वर्षभर निसटलेली मी चार-पाचदा तरी पाहिली आहे.

आबा_कोथरूड | ६ जून, सकाळी ६.१५

श्रवण तपासणीचं पटलं. बाकीचं वाचतोय.

अर्धी_बंगाली | ६ जून, दुपारी ३.३०

मी मुंबईची, नवरा कोलकात्याचा. मुलगी आता चौदा वर्षांची. आम्हीही हेच केलं होतं, अगदी ठरवून. आज तिला बंगाली सगळं समजतं, सिनेमा सबटायटलशिवाय बघते, पण बोलत नाही. एक वाक्य बोलायचं म्हटलं तरी लाजते. ठाकुमा, म्हणजे तिची बंगाली आजी, गेली दोन वर्षांपूर्वी. शेवटच्या दिवसांत ती बंगालीत विचारायची, मुलगी मान हलवायची.

कुठे चुकलं ते आता कळतं. नवरा तिच्याशी बंगाली बोलायचा, ती मराठीत उत्तर द्यायची, तो ते ऐकून पुढे जायचा. ‘अगं, समजतंय ना, पुरे’ असं आम्ही म्हणत राहिलो. दोघांत_तिसरीच्या पोस्टमध्ये नेमकं तेच दिसतंय म्हणून लिहिते आहे.

रोखठोक | ६ जून, दुपारी ४.००

मग सोपं आहे. नवऱ्याने मराठी समजतच नाही असं सोंग करायचं. तमिळ बोलल्याशिवाय दूध नाही. आठ दिवसांत बोलेल.

नाशिकची_वाचाताई | ६ जून, रात्री १०.२०

रोखठोक, तुम्ही अर्धे बरोबर आहात, आणि उरलेलं अर्धं धोक्याचं आहे. बरोबर असं की मुलाने उत्तर दिल्यानंतरच्या दोन सेकंदांत बाप काय करतो यावर पुष्कळ अवलंबून असतं. नॉर्वेतल्या अशा एका घराचा एलिझाबेथ लान्झा या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी बारकाईने अभ्यास केला होता, आई अमेरिकी, वडील नॉर्वेजियन. त्यांच्या हे लक्षात आलं की मुलाने ‘चुकीच्या’ भाषेत उत्तर दिल्यावर पालक ते मुकाट्याने स्वीकारून पुढे गेला, किंवा स्वतःच त्या भाषेत घसरला, तर मुलाला संदेश मिळतो की इथे दोन्ही भाषा चालतात. पालकाने थोडंसं अडखळून ‘काय म्हणालास?’ केलं की मुलगा त्याच्या भाषेकडे वळण्याची शक्यता वाढते.

पण दूध अडवायचं नाही. मराठी समजत नाही हे सोंगही दोन वर्षांच्या पोराला लगेच कळतं. संध्याकाळी सासऱ्यांशी ‘हो हो, येतो’ म्हणताना त्याने अप्पाला ऐकलेलं असतं. पोराला राग येतो आणि तमिळ म्हणजे भांडण असं समीकरण बसतं.

मी पालकांना असं करायला सांगते. समजा तो म्हणाला, ‘अप्पा, बॉल दे.’ अप्पाने बॉल हातात घ्यायचा, त्याच्याकडे बघायचं आणि म्हणायचं, ‘पंदु? पंदु वेणुमा?’, म्हणजे ‘बॉल? बॉल हवा?’, आणि मग गप्प राहायचं. मनात पाचपर्यंत मोजायचं. इथेच सगळे घसरतात, शांतता सहन होत नाही. पोरगा ‘पंदु’ म्हणाला तर ‘इंदा, पंदु’, म्हणजे ‘हा घे बॉल’, म्हणत लगेच द्यायचा. नाहीच म्हणाला तर ‘इंदा, पंदु’ म्हणून तरीही द्यायचा. बक्षीस म्हणून नाही आणि शिक्षा म्हणूनही नाही.

दुसरं, ज्याला मान हलवून उत्तर देता येतं असे प्रश्न कमी करायचे. ‘पाल वेणुमा?’ला मुंडी हलवली की काम झालं. ‘पाल वेणुमा, तण्णि वेणुमा?’, म्हणजे दूध हवं की पाणी, असं विचारलं की एक शब्द तरी बोलावाच लागतो, आणि तो शब्द नुकताच त्याच्या कानावर पडलेला असतो.

(तमिळ मला येत नाही. एका तमिळ कुटुंबाबरोबर काम करताना ही चार वाक्यं पाठ झाली, चुकली असतील तर तुमच्या घरच्यांनी सुधारावीत.)

भटक्या, तुमच्याकडे दुखणं वेगळं आहे. तुम्ही दोघंही मराठी आहात, जर्मन बाहेरून धोधो येतेय. त्यात तुम्ही इंग्रजी घेऊन मराठीचे घरातले तास स्वतःहून निम्मे केलेत. म्हणूनच ती मराठीचा कंटाळा करते. ‘एक पालक एक भाषा’ ही ज्यांच्या घरात खरंच दोन भाषा आहेत त्यांच्यासाठीची सोय आहे. बेल्जियममध्ये आनिक डे हावर या बाईंनी जवळपास १९०० घरांची पाहणी केली होती, ती २००७ साली छापून आली. ज्या घरात एक पालक बाहेरची भाषा आणि दुसरा घरातली भाषा बोलत होता तिथे सुमारे तीन चतुर्थांश घरांतली मुलं दोन्ही भाषा बोलत होती. दोन्ही पालक घरात फक्त घरातलीच भाषा बोलत होते तिथे जवळपास सगळीच.

भटक्या_म्युनिक | ६ जून, रात्री १०.४५

थोडं लागलं, पण ठीक. मी तर इंग्रजी शाळेच्या तयारीसाठी बोलत होतो. बायको हे वाचून ‘मी काय सांगत होते’ म्हणतेय.

अर्धी_बंगाली | ६ जून, रात्री ११.००

म्हणजे चारातल्या एका घरात आमच्यासारखं होतं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर एवढा अपराध वाटला नसता.

तंजावूरकर | ७ जून, सकाळी ८.४०

मी चेन्नईचा, मराठी आमची घरातली भाषा. एकोजीराजांच्या वेळेपासून, म्हणजे साडेतीनशे वर्षांच्या आसपास, आमचे लोक तमिळ मुलुखात आहेत. शाळेत कुणी मराठी शिकवली नाही, बाहेर कुठे ऐकू येत नाही. आमची मराठी तुम्हाला ऐकून हसू येईल, त्यात तमिळ फार मिसळलंय. पण टिकली ती एका कारणाने. घरात आजी-आजोबा, काका-काकू, सगळे तीच बोलत. आमच्या ताईच्या मुलांना मात्र येत नाही. भावोजी तमिळ आहेत आणि ती दोघं वेगळं बिऱ्हाड करून राहिली. ताई एकटी बोलायची. एकट्या माणसाला भाषा ओढता येत नाही हो.

आणि दोघांत_तिसरी, एक गंमत. तुमच्या लेकाने तुमच्या आईला ‘नाय’ म्हटलं आणि अप्पाने ऐकलं तर त्याला वाटेल कुत्रा आला. तमिळमध्ये नाय म्हणजे कुत्रा.

दोघांत_तिसरी | ७ जून, सकाळी ९.१०

😀 हे आमच्याकडे झालंय! पाळणाघरातली मावशी ‘नाय नाय’ म्हणते, तो दाराकडे बघतो.

दोघांत_तिसरी | १४ जून, रात्री १०.३०

वाचाताई, आकडे आणलेत. सगळे मिळून मोजले, आईनेसुद्धा कागद भरला, आणि तिच्याकडचे तीन शब्द मला माहीतच नव्हते. मराठी ४३, तमिळ १९. त्यातल्या आठ गोष्टींना दोन्ही शब्द आहेत (पाणी-तण्णि, ये-वा, वगैरे). शब्द एकूण ६२, आणि वेगवेगळ्या गोष्टी ५४. दोन शब्द जोडतो : ‘अप्पा गेला’, ‘पाल वेंडाम’ म्हणजे दूध नको, आणि माझं लाडकं ‘आई पोऊया’. पो म्हणजे जा. कान तपासले, दोन्ही ठीक.

डॉक्टरांना आकडे दाखवले. ते म्हणाले, अच्छा, तमिळ धरलंच नव्हतं. भाषा बंद करण्याचं पुन्हा बोलले नाहीत.

नाशिकची_वाचाताई | १५ जून, रात्री ९.१५

छान काम केलंत. दोन वर्षांला साधारण पन्नासेक शब्द आणि दोन शब्दांची जोडणी अशी आपण ढोबळ खूण धरतो. तो २६ महिन्यांचा आहे, म्हणजे खुणेच्या वर आहे, पण फार वर नाही. म्हणून निश्चिंत होऊ नका आणि घाबरूही नका. तीन महिन्यांनी परत मोजा. शब्द दुप्पटीच्या दिशेने गेले नाहीत, किंवा जोडण्या वाढल्या नाहीत, तर प्रत्यक्ष दाखवा. आणि यातलं काही दिसलं तर तीन महिने थांबू नका : नाव हाकारल्यावर वळत नाही, बोटाने दाखवत नाही, किंवा आधी येणारे शब्द बोलायचे थांबला. त्याचा दोन भाषांशी संबंध नसतो.

‘पोऊया’वर मी तर फिदा आहे. बघा, धातू तमिळ आणि शेपूट मराठी, आणि शेपूट बरोबर जागी लावलंय. गोंधळलेला पोरगा असं करू शकत नाही. त्याच्याकडे ‘जाऊया’चा पहिला भाग अजून पक्का नाही, म्हणून जे हाताशी होतं ते घेतलं. आईकडे पाल मागताना तमिळ का घातलं? बहुधा दूध रोज अप्पा देत असणार. खरं का?

दोघांत_तिसरी | १५ जून, रात्री ९.२०

अगदी खरं! सकाळचं दूध अप्पाच देतो.

रोखठोक | १५ जून, रात्री ९.४०

पण तो एका वाक्यात दोन भाषा बोलतो म्हणजे दोघांचं ‘एकच भाषा’ सूत्र पाळलं जात नाही ना? मग सूत्राचा उपयोग काय?

नाशिकची_वाचाताई | १५ जून, रात्री १०.००

सूत्र मोठ्यांसाठी आहे, पोरासाठी नाही. हे सूत्र जुनं आहे. फ्रान्समधले भाषाशास्त्रज्ञ ज्यूल रोंजा यांचा मुलगा १९०८ साली जन्मला, बायको जर्मन. मोरिस ग्रामाँ या त्यांच्या परिचितांनी सल्ला दिला की प्रत्येकाने आपलीच भाषा बोला. रोंजांनी मुलाच्या नोंदी ठेवून १९१३ साली पुस्तक काढलं. तेव्हापासून लोकांना वाटतं की भाषा कप्प्याकप्प्यात ठेवल्या नाहीत तर पोर बिघडेल. ती भीती पुढच्या अभ्यासांत टिकली नाही. मिसळलेलं ऐकणारी मुलंही दोन भाषा शिकतात. आपल्याकडे तर घरोघर मिसळतातच.

मग सूत्राचं काम काय, तर शिस्त नाही, तास. ज्या भाषेचा एकच माणूस आहे, त्या माणसाने ती सोडली तर तिचे तास शून्य होतात, एवढंच ते राखतं. तास पुरेसे नसले तर सूत्र कितीही काटेकोर पाळा, अर्धी_बंगाली यांच्यासारखं होऊ शकतं. तेव्हा आता दुसरा हिशेब करा. लेक जागा असतो त्यातले तमिळचे तास किती?

दोघांत_तिसरी | १६ जून, दुपारी १२.५०

हिशेब करून मी गप्पच झाले.

दिवसाला १२ तास जागा, आठवड्याचे ८४. पाळणाघर आणि संध्याकाळी आई-बाबा, सगळं मराठी. नवरा पावणेआठला येतो. त्यानंतर घरात मी असते, टीव्ही असतो. खरंच लेकाशी समोरासमोर बोलणं चाळीस मिनिटं. पाच दिवसांचे सव्वातीन तास, शनिवार-रविवार मिळून चार. सासूबाईंचा फोन तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं. सगळं मिळून जेमतेम आठ तास. म्हणजे दहात एक तासही तमिळ नाही. आणि आम्हाला वाटत होतं ‘निम्मं निम्मं’ चाललंय.

भटक्या_म्युनिक | १६ जून, दुपारी २.१०

मी वाचलंय की २५ टक्के तरी लागतात, त्याखाली भाषा येतच नाही.

नाशिकची_वाचाताई | १६ जून, रात्री १०.१०

हा आकडा सगळीकडे फिरतो. मूळ निरीक्षण मोजक्याच मुलांवरचं होतं, की पाचातला एक भाग किंवा त्याहून कमी ऐकणारी मुलं ती भाषा बोलायला नाखूश असतात. लोकांनी त्याचा उंबरठा केला. दहा टक्क्यांतही समज येते, तुमच्याच घरात आलीय. बोलणं यायला मात्र जास्त लागतं, आणि नुसते तास नाहीत, गरजही. तुमचा नवरा मराठी समजतो, पण आजी समजत नाही. म्हणून आजी सोन्याची आहे.

तास कुठून काढाल ते घरचं तुम्ही बघा. एक सुचवते : तुम्ही घरात असलात की तो भाषांतरासाठी तुमच्याकडे वळणार. दोघं बापलेक एकटे असतील असा वेळ हवा.

तंजावूरकर | १७ जून, सकाळी ७.५५

फोनवर ‘बोल ना राजा, आजीला काहीतरी बोल’ असं म्हणू नका, पोरं बंद पडतात. आमच्या आईने नातवाला कॅमेऱ्यासमोर इडलीचं पीठ दाखवलं, भांडं उलटं केलं, तेव्हा तो पहिल्यांदा बोलला.

अर्धी_बंगाली | १७ जून, दुपारी १.२०

एक प्रश्न राहतोय. अप्पा आजी-आजोबांसमोर लेकाशी तमिळ बोलतो तेव्हा काय? आमच्याकडे माझी आई चिडायची, ‘माझ्यासमोर काय कुजबुजता’ म्हणायची. मग नवरा त्यांच्यासमोर मराठी बोलायला लागला आणि तिथूनच गळती सुरू झाली.

आबा_कोथरूड | १७ जून, सायंकाळी ६.४०

मी आजोबा आहे म्हणून सांगतो, राग येतोच. जावई समोर बसून न समजणारी भाषा बोलला की आपण परके वाटतो. त्याने तेवढं सांभाळावं.

नाशिकची_वाचाताई | १७ जून, रात्री ९.३०

यावर माझ्याकडे एकच उत्तर नाही. काही घरांत बाप पोराशी आपल्याच भाषेत बोलतो आणि लगेच सासऱ्यांना मराठीत सांगतो, ‘हात धुवायला सांगितले.’ ते चालतं. काही घरांत तेवढ्यानेही भागत नाही. आबा म्हणतात ते खरं आहे, आणि अर्धी_बंगाली म्हणतात ती गळतीही खरी आहे.

दोघांत_तिसरी | २१ सप्टेंबर, रात्री १०.५०

तीन महिन्यांनी आलेय. काय बदललं ते सांगते.

सकाळ पूर्ण नवऱ्याकडे दिली. सव्वासात ते नऊ : आंघोळ, नाश्ता, पाळणाघरात सोडणं. मी तेवढ्यात ऑफिसची तयारी करते आणि दार लावून घेते. शनिवार-रविवार सकाळी तीन-तीन तास दोघं बाहेर, बागेत किंवा भाजीला. सासूबाईंचा फोन आठवड्यात चारदा, वीस मिनिटं. त्या आता कॅमेरा ओट्यावर ठेवून डोसे घालतात. मोजलं तर एकोणीस-वीस तास होतात, आठाच्या जागी. नवऱ्याला उशिरा मिटिंगा घ्यायला लागल्या, त्याची कुरकुर चालू आहे. दोनदा तर आठवडाभर सगळं कोलमडलं.

पाच मोजायचं अप्पाला पहिले पंधरा दिवस जमलंच नाही, तो तीनवर बॉल देऊन मोकळा व्हायचा. मग जमायला लागलं. ऑगस्टमध्ये तीन आठवडे कोइमतूरला होतो. पहिले पाच दिवस लेक गप्प, मला घट्ट चिकटून. सहाव्या दिवशी चुलतभावाने गाडी हिसकावली आणि आमचा पोरगा ओरडला, ‘येन वंडि! कुडु!’ (माझी गाडी! दे!) सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

शब्द परत मोजले : मराठी १५६, तमिळ ७४. जोडण्या आता मोजता येत नाहीत. पुण्यात परतल्यावर पंधरा दिवस तमिळ ठणठणीत, मग पुन्हा थोडं मराठीकडे झुकलं. अप्पाला उत्तर आता निम्म्याहून जास्त वेळा तमिळमध्ये येतं, दमलेला असला की मराठीत. आईचा राग अर्धा गेलाय, अर्धा आहे. ती म्हणते, ‘मला पण शिकवा, निदान काय बोलता ते कळेल.’ सध्या तिला ‘वा’ आणि ‘पो’ येतं.

भटक्या_म्युनिक | २२ सप्टेंबर, सकाळी ११.३०

मस्त! मी जूनपासून मराठीवर आलोय. पहिला आठवडा लेक म्हणायची, ‘डॅडी, नॉर्मल बोल ना.’ आता म्हणत नाही, पण रात्रीची गोष्ट अजून इंग्रजीतच मागते. तिथे मी हरतो.

रोखठोक | २२ सप्टेंबर, दुपारी १२.१५

शाळा सुरू झाली की इंग्रजी दोन्हींना खाईल. तेव्हा परत या धाग्यावर भेटू.

दोघांत_तिसरी | २२ सप्टेंबर, रात्री ९.४५

ती भीती मलाही आहे, रोखठोक. त्यात आम्ही दोघं आपसात अजून इंग्रजीच बोलतो, ते सोडवता आलेलं नाही.

आज जेवताना मी गमतीने लेकाला म्हटलं, ‘तण्णि हवं का?’ त्याने चमचा खाली ठेवला आणि मला दटावलं, ‘आई नाही. अप्पा तण्णि. आई पाणी.’